ऐनवेळी रद्द करावा लागणारा भाडेकरार

बदलीचा आदेश अचानक फिरतो, घरात आजारपण उद्भवते किंवा कर्त्या माणसाची नोकरीच बदलते. अशा वेळी ठरलेला भाडेकरार सहीच्या दिवशीच रद्द करण्याचा प्रसंग येतो. घरमालकाचा रोष बहुधा नकारापेक्षा तो कळण्याच्या पद्धतीमुळे ओढवतो. म्हणून त्याची तयारी कुठवर आली आहे, हे भाडेकरूने प्रथम समजून घेणे इष्ट.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर असते. साहजिकच खर्चाची सुरुवात अनेकदा तोच करतो. केवळ मसुदा तयार झाला असेल, तर नुकसान अल्प असते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क भरले गेले असेल, तर मात्र हिशेबाचा प्रश्न उभा राहतो.

उदाहरणादाखल पुण्यातील एक सदनिका घेऊ. मासिक भाडे २०,००० रुपये, बिनव्याजी अनामत ६०,००० रुपये आणि मुदत ११ महिने. एकूण भाडे २,२०,००० रुपये झाले. अनामतीवर वार्षिक दहा टक्के दराने ११ महिन्यांचे ५,५०० रुपये त्यात मिळवले जातात. २,२५,५०० रुपयांच्या या बेरजेवर पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क सुमारे साडेपाचशे रुपये होते. महापालिका हद्दीतील नोंदणी शुल्क १,००० रुपये. म्हणजे सहीपूर्वीच दीड हजाराहून अधिक रक्कम गुंतलेली असते. अंगठ्याचे ठसे व छायाचित्र घेण्यासाठी घरी येणाऱ्या प्रतिनिधीचा मोबदला वेगळाच.

या उदाहरणातील सही सायंकाळी सात वाजता ठरली होती आणि दुपारी एक वाजता भाडेकरूला बदली रद्द झाल्याचे कळले, असे समजू. पहिला दूरध्वनी घरमालकालाच जावा. दलालाकडून उडत उडत बातमी कळली, की आपल्याला टाळले गेले अशी घरमालकाची भावना होते. बोलणे थोडक्यात असावे : "काका, नमस्कार. माझी पुण्याची बदली आज रद्द झाली, त्यामुळे घर घेता येणार नाही. कळायला उशीर झाला, क्षमस्व. आपण किती शुल्क भरले आहे ते सांगावे, ते मी आजच देतो." एवढे पुरे. कारणांची लांबण लावल्यास उलट संशय येतो. निर्णय पक्का असताना "दोन दिवसांनी पाहू" असे म्हणणे तर सर्वांत घातक, कारण त्या दोन दिवसांत दुसरा इच्छुक निघून जातो. २०,००० रुपये भाड्याच्या घरात रिकामा गेलेला प्रत्येक दिवस घरमालकाला सुमारे ६६७ रुपयांना पडतो. सही खरोखरच पुढे ढकलायची असेल, तर नवी तारीख त्याच संभाषणात द्यावी.

दूरध्वनीनंतर तोच मजकूर संदेशाने पाठवावा आणि मग दलाल व प्रतिनिधी यांना कळवावे. मुद्रांक शुल्क भरून झाले असेल, पण दस्तावर कोणाचीही सही झाली नसेल, तर परताव्यासाठी मुद्रांक कार्यालयात अर्ज करता येतो. त्याची मुदत सहा महिन्यांची असते आणि काही कपात होते. मुद्रांक ज्याच्या नावे घेतला, त्यालाच हा अर्ज करावा लागतो. भाडेकरूने घरमालकाला रक्कम आधीच भरून दिली असेल, तर परतावा आल्यावर तो कोणी ठेवायचा, हेही संदेशात नमूद करावे.

अनामतीचा धनादेश दिला असल्यास तो प्रथम परत मागावा. घरमालकाला न सांगता बँकेकडून त्याचे अधिदान थांबवणे अनुचित. धनादेश वटवायला टाकल्यावर तो न वटताच परत आला, तर सलोखा तुटतोच, शिवाय कायदेशीर नोटिशीची शक्यता निर्माण होते. घर अडवण्यासाठी दिलेल्या टोकन रकमेबाबत आधी काय ठरले होते, ते पाहावे. काहीच ठरले नसेल, तर झालेला खर्च आणि रिकामे गेलेले दिवस वजा करून उरलेली रक्कम मागणे उभयपक्षी न्याय्य ठरते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ मध्येही वाजवी भरपाईचेच तत्त्व आहे.

हे सारे सहीपूर्वीच्या टप्प्याला लागू पडते. करार नोंदवून झाला असेल, तर त्यातील नोटिशीची मुदत आणि किमान वास्तव्याची अट बंधनकारक ठरते. तेव्हा दूरध्वनी पुरत नाही. करारात लिहिल्याप्रमाणे लेखी नोटीस द्यावी लागते.