हुशार मुलं चुकतात तो प्रश्न

‘काठिण्य मूल्य’ आणि ‘भेदन मूल्य’ हे शब्द बी.एड.च्या परीक्षेपुरते पाठ होतात आणि नोकरी लागली की विसरले जातात. कारण सरळ आहे. शंभर उत्तरपत्रिका हाताने चाळून असली गणितं कोण करत बसणार? आता मात्र वस्तुनिष्ठ चाचणीची उत्तरं संगणकाच्या तक्त्यात भरली, की हे काम दोन सूत्रांत होतं.

समजा, दहावीच्या दोन तुकड्यांतल्या 100 मुलांनी विज्ञानाची बहुपर्यायी चाचणी दिली. तक्त्यात एका ओळीत एक मुलगा. पहिल्या स्तंभात हजेरी क्रमांक, दुसऱ्यात एकूण गुण आणि तिसऱ्यापासून पुढे एकेक प्रश्न. बरोबर उत्तराला 1, चुकलेल्याला 0. मग एकूण गुणांनुसार सगळ्या ओळी उतरत्या क्रमाने लावायच्या आणि पहिल्या प्रश्नाच्या स्तंभाखाली ही सूत्रं लिहायची:

```
=AVERAGE(C2:C101)
=(SUM(C2:C28)-SUM(C75:C101))/27
```

पहिलं सूत्र काठिण्य मूल्य देतं, म्हणजे वर्गातल्या किती जणांना प्रश्न जमला त्याचं प्रमाण. आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा, हे तेवढं लक्षात ठेवायचं. दुसरं सूत्र भेदन मूल्याचं. वरच्या 27 मुलांपैकी जितक्यांना प्रश्न आला त्यांतून खालच्या 27 मुलांपैकी ज्यांना आला ते वजा करायचे आणि 27 ने भागायचं. वरचे आणि खालचे 27 टक्के घ्यावेत, हे ट्रुमन केली या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने 1939 साली गणिताने दाखवलं. गट याहून लहान घेतले तर मुलं कमी पडतात, मोठे घेतले तर दोन गटांतला फरक पुसट होतो.

भेदन मूल्य 0.40 च्या वर असेल तर प्रश्न उत्तम, 0.20 च्या खाली गेलं तर तपासायला हवा, असा साधारण ठोकताळा आहे. पण तो डोळे मिटून लावू नये. शंभरातल्या 96 मुलांना जमलेल्या प्रश्नात भेद दिसायला जागाच उरत नाही. उजळणीसाठी मुद्दाम घातलेला सोपा प्रश्न असेल तर तो खुशाल राहू द्यावा.

खरी गंमत ऋण आकड्यात आहे. आपल्या चाचणीत एक प्रश्न होता: पाण्याची घनता कोणत्या तापमानाला सर्वाधिक असते? त्याचं भेदन मूल्य आलं उणे 0.33. म्हणजे वरच्या गटातल्या फक्त 4 मुलांना गुण मिळाले आणि खालच्या गटातल्या 13 जणांना! अशा वेळी 1 आणि 0 चा तक्ता पुरत नाही. कोणी कोणता पर्याय निवडला ते पाहावं लागतं. म्हणून अ, ब, क, ड असा मूळ तक्ता कधीही पुसू नये. तो उघडला तर दिसतं, की वरच्या 27 पैकी 21 जणांनी 4 अंश सेल्सिअस हा पर्याय निवडलाय. पाण्याच्या असंगत आचरणाचा धडा त्यांनी नीट वाचला होता. उत्तरसूचीत मात्र टंकताना ‘0 अंश’ पडलं होतं. सूची दुरुस्त केली की खालच्या गटात बरोबर ठरतात 5 जण, आणि त्याच प्रश्नाचं भेदन मूल्य 0.59 होतं.

दुसरा प्रश्न जास्त अवघड जागेचा. विजेचा सुवाहक कोणता: तांबे, ग्रॅफाइट, रबर की लाकूड? सूचीत तांबे. खालच्या गटातल्या 19 जणांनी तांबेच निवडलं, वरच्या गटातल्या 14 जणांनी. उरलेले 13 ग्रॅफाइटकडे गेले. भेदन मूल्य उणे 0.19. इथे सूचीत टंकनाची चूक नाही, प्रश्नच वाकडा आहे. ग्रॅफाइटमधूनही वीज वाहते आणि कार्बनची अपरूपं अभ्यासलेल्या मुलाला ते ठाऊक असतं. जास्त वाचल्याची शिक्षा त्याला मिळाली! तेव्हा दोन्ही पर्यायांना गुण द्यावेत, नाहीतर प्रश्न रद्द करावा.

वर्ग लहान असला तर मात्र या आकड्यांवर फार भार टाकू नये. चाळीस मुलांत 27 टक्के म्हणजे 11 मुलं. त्यांतल्या एकाने अंदाजाने बरोबर खूण केली तरी भेदन मूल्य 0.09 ने हलतं. शिवाय गुणांत बदल झाला की वरच्या आणि खालच्या गटांतली मुलंही थोडी बदलतात. म्हणून उत्तरसूची सुधारल्यावर ओळी पुन्हा क्रमाने लावून सगळ्या प्रश्नांचे आकडे नव्याने काढावे लागतात.