उत्सवाच्या मंडपातील ध्वनिक्षेपक आणि शेजारची घरे

गणेशोत्सवाच्या दिवसांत ध्वनिव्यवस्थेविषयी दोन प्रकारच्या तक्रारी येतात. मंडपात मागे बसलेले श्रोते म्हणतात, बुवांचे शब्द कळले नाहीत. मैदानाला लागून राहणारे रहिवासी म्हणतात, खिडक्या लावूनही घरात एकमेकांशी बोलता येत नाही. या दोन्ही तक्रारी एकाच संध्याकाळी खऱ्या असू शकतात, आणि बहुतेक वेळा त्यांचे मूळही एकच असते. ते म्हणजे सारे ध्वनिक्षेपक व्यासपीठाजवळ रचून तेथूनच शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविण्याचा प्रयत्न. प्रस्तुत लेखात याच एका मुद्द्याचा विचार केला आहे.

प्रथम कायद्याची मर्यादा पाहू. केंद्र शासनाच्या सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल हे प्रमाण ठरले आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी आवश्यक असते, आणि ज्या सार्वजनिक जागेत तो लावला असेल तिच्या सीमेवर त्या भागाच्या प्रमाणापेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल ते ओलांडता येत नाही. म्हणजे आपल्यासारख्या निवासी वस्तीत मैदानाच्या कुंपणाशी दिवसा ६५. पुष्कळ कार्यकर्ते ७५ हाच आकडा लक्षात ठेवतात. तो निवासी भागाला लागू होत नाही. सण-उत्सवासाठी वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ही सवलत मान्य केली. परंतु ती वेळेची सवलत आहे, आवाज वाढविण्याची नव्हे. मध्य प्रदेशात याशिवाय १९८५ चा कोलाहल नियंत्रण अधिनियमही लागू आहे, हे इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळांनी ध्यानात ठेवावे.

आता एक मैदान कल्पून हिशेब करू. व्यासपीठापासून शेवटची रांग ३२ मीटरवर, समोरचे कुंपण ४० मीटरवर व बाजूचे कुंपण १६ मीटरवर आहे. उघड्यावर ध्वनिक्षेपकापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. शेवटच्या रांगेत ७० डेसिबल हवे असतील तर १ मीटरपासून ३२ मीटरपर्यंत अंतर पाच वेळा दुप्पट होते, म्हणजे ३० डेसिबलची घट. तेव्हा व्यासपीठाजवळच्या संचातून १ मीटरवर १०० डेसिबल काढावे लागतील. ४ मीटरवरच्या पहिल्या रांगेत, जेथे बहुधा लहान मुले बसतात, ८८ डेसिबल आदळतील; समोरच्या कुंपणाशी ६८ भरतील, आणि व्यासपीठाच्या बाजूच्या कुंपणाशी ७६ पर्यंत जातील. शेवटच्या रांगेला जेमतेम ऐकू येईतो कायदा दोन्हीकडे मोडलेला असतो.

त्याऐवजी तीन ठिकाणी लहान, उभे कॉलम ध्वनिक्षेपक लावावेत: एक व्यासपीठापाशी, दुसरा १२ मीटरवर, तिसरा २४ मीटरवर. प्रत्येकाचा आवाज १ मीटरवर ८६ डेसिबल ठेवला तरी शेवटच्या रांगेत तिघांचा मिळून ६९ भरतो. पहिल्या रांगेत व्यासपीठाजवळच्या ध्वनिक्षेपकाचा ७४ च्या आसपास राहतो आणि समोरच्या कुंपणाशी तिघांचा मिळून ६४ होतो. (आवाजांची बेरीज साधी नसते. सारखेच दोन आवाज एकत्र आले तर ३ डेसिबलच वाढतात.) बाजूच्या कुंपणाशी कागदावर ६५ च्या किंचित वर आकडा येतो, पण कॉलम मैदानाच्या लांबीकडे तोंड करून असल्याने शब्दांचा आवाज बाजूला प्रत्यक्षात याहून कमी जातो. ते अडीच-तीन मीटर उंचीवर बांधून, आपल्या पट्ट्यातील शेवटच्या श्रोत्याकडे किंचित खाली कलते ठेवावेत. सरळ आडवे लावलेले ध्वनिक्षेपक श्रोत्यांच्या डोक्यावरून थेट पलीकडच्या माडीला ऐकवतात.

या पद्धतीत एक अडचण हमखास येते, आणि तिच्यामुळेच अनेक मंडळे ती सोडून देतात. तारेतून ध्वनी तिन्ही ठिकाणी एकाच क्षणी पोहोचतो, हवेतून मात्र तो सेकंदाला सुमारे ३४५ मीटरच चालतो. मागच्या श्रोत्याला जवळच्या ध्वनिक्षेपकातून शब्द आधी ऐकू येतो आणि व्यासपीठाजवळचा तोच शब्द सुमारे ७० मिलिसेकंद उशिरा. शब्दाला शब्द चिकटतो, बोलणे पुसट होते. मग कोणीतरी ‘आवाज वाढवा’ म्हणून ओरडतो, आणि वाढविल्याने ते अधिकच पुसट होते. उपाय मिक्सरमध्ये किंवा त्याला जोडलेल्या डिले यंत्रात आहे. दुसऱ्या ठिकाणाला ३५ व तिसऱ्याला ७० मिलिसेकंद उशीर द्यावा, आणि त्यावर आणखी दहाएक मिलिसेकंद. या दहाची गरज अशी की कानाला जो आवाज पहिला येतो तिकडूनच तो आल्याचा भास होतो. त्यामुळे श्रोत्याला बुवांचा आवाज खांबातून न येता व्यासपीठावरून आल्यासारखा वाटतो. तपासणीसाठी रिकाम्या मंडपात माइकपुढे टाळाचा एकच ठोका द्यावा आणि दुसऱ्याने मागच्या रांगेपर्यंत चालत जावे. ठोका दोनदा ऐकू आला तर उशीर चुकला आहे.

कधी मापक ६२ दाखवितो, तरी शेजारच्या घरातील काच थरथरते. याचे कारण असे की नियमातील मोजणी ‘ए’ मापनाने होते, आणि ते मापन खर्जाचा आवाज फार कमी धरते. भिंती मात्र तोच खर्ज सर्वांत कमी अडवितात. मापकावर ‘सी’ मापन असल्यास तेही पाहावे. दोहोंत १५ डेसिबलहून अधिक अंतर पडले तर तक्रार खर्जाची आहे असे समजावे. कीर्तन-प्रवचनासाठी मिक्सरवर १०० हर्ट्झखालचा भाग कापून टाकला तर शब्दांची काहीच हानी होत नाही. खर्जाचे मोठे खोके अशा कार्यक्रमास मागवूच नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. पखवाजाचा घुमारा थोडा कमी होईल, तो सोसावा.

मोजणी दुपारी करून भागत नाही. सूर्यास्तानंतर जमीन निवते, तिच्या लगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि आवाज वर न जाता खाली वळतो. दुपारी ज्या घरापर्यंत काहीच पोहोचत नव्हते, तेथे रात्री ९ वाजता शब्द स्पष्ट ऐकू येतात. शिवाय रस्त्याची वर्दळ उतरलेली असते. म्हणून पहिल्या दिवशी रात्री ८ व ९.३० वाजता कुंपणाच्या चारही बाजूंनी आणि तक्रार करणाऱ्याच्या फाटकाशी मोजणी करावी. आधी ध्वनिक्षेपक बंद ठेवून, मग चालू करून. बंद असतानाच ५८ येत असतील तर तेही लिहून ठेवावे. मोबाइलमधील मापकाचा आकडा बराच चुकीचा असू शकतो. एक दिवस खरा मापक भाड्याने आणून दोन्हींतील फरक टिपला, तर उरलेले दिवस मोबाइलवर अंदाज घेता येतो.

रहिवासी नियमानुसार प्राधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतात ती प्रमाणापेक्षा १० डेसिबल वा अधिक आवाज झाल्यास, किंवा रात्रीच्या निर्बंधाचा भंग झाल्यास. त्याआधी ते मंडपात येतात. तेव्हा त्यांच्याशी बोलण्यास एकच कार्यकर्ता नेमावा आणि त्याला मिक्सरला हात लावण्याचा अधिकार असावा. आकडे जमल्यावर मिक्सरच्या मुख्य दांडीखाली चिकटपट्टीने खूण करावी. दांडी त्या खुणेवर गेली तर कोणी व केव्हा नेली, हे मोजणीच्या वहीतच लिहावे.