रात्री दोन वाजताचा आकडा

माझी थोरली बहीण एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळी संपवून घरी आली की चहा पिता पिता ती वॉर्डातल्या हकिगती सांगते. त्यांतली एक मला फार आवडली, कारण तीत आमच्या वर्गातले रसायनशास्त्र अगदी अनपेक्षित जागी भेटले.

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटे झाली होती. प्रयोगशाळेतून फोन आला : अमुक खाटेवरच्या रुग्णाचे पोटॅशियम ७.८. ताईने आकडा लिहून घेतला, परत वाचून दाखवला आणि रुग्णाचे नाव व नोंदणी क्रमांक ताडून पाहिला. रक्तात पोटॅशियम साधारणपणे ३.५ ते ५ मिलिमोल इतके असते. साडेसहाच्या पुढे गेले की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याची भीती असते, आणि ७.८ म्हणजे हृदय कोणत्याही क्षणी थांबू शकेल असा आकडा.

वास्तविक असा आकडा खरा मानायला कारणे भरपूर होती. रुग्ण बासष्ट वर्षांचे, मधुमेही, मूत्रपिंडे थोडी मंदावलेली, आणि रक्तदाबासाठी व हृदयासाठी चालू असलेल्या दोन गोळ्या अशा की दोन्ही शरीरातले पोटॅशियम वाढवतात. तेव्हा “यंत्र चुकले असेल” म्हणून कागद बाजूला ठेवणे हा गुन्हाच ठरला असता. उलट, आकडा खरा मानून उपचार सुरू केले आणि तो खोटा निघाला, तर तेही निरुपद्रवी नव्हे. पोटॅशियम उतरवण्यासाठी ग्लुकोजबरोबर शिरेतून इन्सुलिन देतात. ते पोटॅशियमला रक्तातून पेशींत ढकलते. ज्याचे पोटॅशियम मुळात ठीक आहे त्याचे ते नको इतके खाली जाईल, आणि साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकेल.

ताई आधी रुग्णाकडे गेली, कागद तिने नंतर पाहिला. हा क्रम तिच्या मते फार महत्त्वाचा. काका जागे होते. “काय सिस्टर, इतक्या रात्री?” म्हणून त्यांनीच विचारले. हातापायांत अशक्तपणा नाही, छातीत धडधड नाही, नाडी ७६ व नियमित. तिने लगेच हृदयाचा आलेख काढला. पोटॅशियम फार वाढले की आलेखातली ‘टी’ नावाची लाट तंबूसारखी उंच व टोकदार होते, मग ‘पी’ लाट सपाट होत जाते आणि मधला मोठा ठोका रुंदावतो. यांतले काहीच दिसेना. दाखल होतानाचा आलेख शेजारी ठेवून पाहिला, तर दोन्ही जुळे भाऊ. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे : आलेख बिघडला असेल तर पोटॅशियमचा आकडा खरा समजून धावायचे, पण आलेख चांगला आहे म्हणून आकडा खोटा, असे म्हणता येत नाही. काही रुग्णांत पोटॅशियम खरोखर चढलेले असूनही आलेख साधाच दिसतो. तेव्हा ताईला आलेखाने थोडा वेळ मिळाला, उत्तर मिळाले नाही.

मग तिने प्रयोगशाळेला फोन लावून पहिला नेहमीचा प्रश्न विचारला : नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या आहेत का? शरीरातले बहुतेक सर्व पोटॅशियम पेशींच्या आत कोंडलेले असते, बाहेरच्या रक्तद्रवात त्याचा अगदी लहानसा वाटा. बारीक सुईतून जोराने रक्त ओढले, किंवा नळी जोरजोरात हलवली, की पेशी फुटतात आणि आतले पोटॅशियम बाहेर सांडते. तसे झाले तर वरचा द्रव गुलाबी दिसतो. उत्तर आले, “नाही सिस्टर, द्रव स्वच्छ पिवळा आहे.”

दुसरी एखादी इथेच थांबली असती. ताईने त्याच अहवालातल्या बाकीच्या ओळी वाचायला सांगितल्या. सोडियम ठीक. क्रिएटिनिन नेहमीइतकेच. कॅल्शियम ३.१.

कॅल्शियम असते साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम. ते ३.१ वर आले तर माणसाचे हात वाकडे होतील, झटके येतील आणि आलेखातले अंतरही लांबेल. समोर तर काका पाणी मागत होते. एवढ्यावरून ताईच्या ध्यानात आले की हे रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीला शिवून आलेले आहे.

रक्त घेण्याच्या नळ्यांना रंगीत टोपणे असतात. पिवळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू देतात आणि वरच्या द्रवात पोटॅशियम, कॅल्शियम मोजतात. जांभळ्या टोपणाची नळी पेशी मोजण्यासाठी. तीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए या आम्लाचा पोटॅशियम क्षार लावलेला असतो. गोठण्याला कॅल्शियम लागते, ईडीटीए नेमके तेच पकडून ठेवते. या नळीतले थोडेसे रक्त जरी पिवळ्या नळीत गेले तरी पोटॅशियम चढते आणि कॅल्शियम कोसळते. द्रव मात्र स्वच्छ पिवळाच राहतो, म्हणून नजरेला काही कळत नाही.

ही ओळख पटवायला तिला दोन-तीन मिनिटे लागली. तिने दुसऱ्या, सलाईन नसलेल्या हातातून नवे रक्त घेतले. पट्टा थोडाच वेळ बांधला आणि काकांना मूठ उघड-मीट करू दिली नाही, कारण त्यानेही स्नायूंतून पोटॅशियम बाहेर येते. पिवळी नळी आधी भरली. शिवाय तात्काळ मोजणाऱ्या यंत्रासाठी एक वेगळी पिचकारी घेतली. आणि मग लगेच, म्हणजे दोन वाजून वीस मिनिटांनी, डॉक्टरांना फोन केला. “सर, पोटॅशियम ७.८ आले आहे, पण कॅल्शियम ३.१ आहे. रुग्ण शांत आहे, आलेख जुन्यासारखाच आहे. नळी मिसळल्याचा संशय आहे, नवा नमुना पाठवला आहे.” आलेख बिघडलेला असता तर यातले काहीच न करता आधी फोनच केला असता, असे ती ठासून सांगते. दहा मिनिटांहून जास्त तपास करत बसणे तिला मान्य नाही.

डॉक्टर वॉर्डात आले, हृदयाला सावरणारे कॅल्शियमचे इंजेक्शन हाताशी काढून ठेवले आणि इन्सुलिन थांबवून ठेवले. थोड्याच वेळात यंत्राने पोटॅशियम ४.६ दाखवले. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला : पोटॅशियम ४.७, कॅल्शियम ९.२.

मी मात्र हे ऐकून कागद-पेन्सिल घेतली. त्या क्षाराच्या एका रेणूबरोबर पोटॅशियमचे दोन अणू येतात आणि तो कॅल्शियमचा एक अणू पकडतो. पोटॅशियम वाढले ७.८ वजा ४.७, म्हणजे लिटरमागे ३.१ मिलिमोल. तेव्हा ईडीटीए आले त्याच्या निम्मे, १.५५. तितकेच कॅल्शियम अडकले. कॅल्शियमचा अणुभार ४०, म्हणून लिटरला ६२ मिलिग्रॅम, अर्थात शंभर मिलिलिटरला ६.२. खऱ्या ९.२ मधून ते वजा केले की उरतात ३. प्रयोगशाळेने मोजले होते ३.१ ! इतका जवळचा हिशेब नेहमीच जुळेल असे नाही, कारण मोजण्याच्या पद्धती निरनिराळ्या असतात.

सकाळी ताईने संध्याकाळी रक्त घेतलेल्या शिकाऊ डॉक्टरला गाठले. काकांची शीर सापडेना, पिचकारीत रक्त थोडेच आले, ते त्याने आधी जांभळ्या नळीत भरले. पिवळी नळी अपुरी राहिली म्हणून जांभळीतले थोडे तिच्यात ओतले. “रक्त तर एकाच माणसाचे होते ना, सिस्टर?” त्याने विचारले. ताईने त्याला दोन्ही नळ्या रिकाम्या दाखवल्या आणि जांभळीच्या काचेवरचा पांढरट थर उजेडात धरला.