सातव्या वर्षी गादी? बाकाबाईंचं राज्य?

सानगडीचा किल्ला बघायला गेलं, की नागपूरकर भोसल्यांचा विषय निघतो आणि एक वाक्य हमखास कानी पडतं: ‘शेवटचा राजा सात वर्षांचं पोर होतं, राज्य बाकाबाई चालवायच्या, त्यांनीच ते इंग्रजांच्या घशात घातलं.’ एका वाक्यात इतक्या चुका, आणि त्याही एका बाईच्या माथी! आता हे थांबायला हवं.

आधी वय बघू. इंग्रजांनी आधीचे राजे अप्पासाहेब यांना मार्च 1818 मध्ये पदच्युत केलं आणि 26 जून 1818 रोजी बाजीबाला रघुजी तिसरे म्हणून गादीवर बसवलं. त्याचा जन्म 1808 चा मानतात. नुसती वजाबाकी केली तर दहा वर्षं येतात. पण वाढदिवस जूनअखेरीनंतर असेल, तर पुरी झालेली वर्षं नऊच. जन्माचा महिना हाती नसताना ‘नऊ किंवा दहा’ एवढंच म्हणता येतं. शिवाय आपल्याकडे वय चालू वर्षावर सांगायची रीत आहे. ‘दहावं लागलं’ म्हणजे नऊ पूर्ण. शके सालात 78 मिळवून इसवी सन काढताना पौष-माघातल्या घटनांचं वर्ष एकाने पुढे सरकतं, हेही अनेकजण विसरतात. पण सात? ते या हिशेबातून कुठूनच निघत नाही.

आता कारभार. रघुजी दुसऱ्यांच्या विधवा बाकाबाई पालकमंडळाच्या प्रमुख होत्या, हे खरं. पण पालकमंडळाचं प्रमुखपद म्हणजे राज्याचा कारभार नव्हे. त्यांच्या हाती मूल आणि वाडा होता. वसुली, न्याय आणि जिल्हे रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांच्या हाती होते. इम्पीरियल गॅझेटियर हे स्वच्छ सांगतं. जेन्किन्सनी जिल्ह्याजिल्ह्यांत इंग्रज अधिकारी नेमले होते. म्हणून एखाद्या हुकमाचा धनी ठरवताना वर कुणाचं नाव आहे यावर थांबू नये, अंमल कोण बजावत होता ते पाहावं. 1826 च्या तहाने राजाला अधिकार मिळू लागले, तेव्हा तो अठराच्या आसपास होता. जिल्हे मात्र पूर्ण परत मिळायला 1830 उजाडलं.

आणि राज्य गेलं ते 1854 मध्ये. रघुजी तिसरे 11 डिसेंबर 1853 रोजी वारले तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते आणि वारस नव्हता. डलहौसीने दत्तक नाकारून राज्य खालसा केलं. पालकत्व संपून तोवर दोन तपं उलटली होती.

नात्यांबाबतही असाच घोळ होतो. बाजीबा हा रघुजी दुसऱ्यांचा मुलगा नव्हे, मुलीचा मुलगा. रघुजी दुसऱ्यांनंतर गादीवर आलेले त्यांचे पुत्र परसोजी यांच्या विधवा दुर्गाबाईंनी त्याला दत्तक घेतलं. आणि अप्पासाहेब राजा होण्याआधी ज्यांचे कारभारी झाले, ते परसोजीही अल्पवयीन नव्हते. ते प्रौढ होते, पण आजाराने खंगलेले. कारभारी दिसला की राजा पोर होता, असं धरू नये.

तेव्हा किल्ल्यावर कुणी बाकाबाईंवर खापर फोडलं, तर 1818, 1830 आणि 1854 ही तीन सालं त्याच्यापुढे ठेवा.