काका, करार रजिस्टर कधी करायचा?

लातूरहून नोकरीसाठी पुण्यात आलेला एक तरुण. कोथरूडमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट पसंत पडला. भाडे २०,००० रुपये, डिपॉझिट ६०,०००, मुदत ११ महिने. किल्ल्या घ्यायच्या आधी त्याने घरमालकांना विचारलं, "काका, करार रजिस्टर कधी करायचा? आणि पोलीस व्हेरिफिकेशनचं काय?" काकांचं उत्तर ठरलेलं होतं : "अकरा महिन्यांचाच तर करार आहे. स्टँपपेपरवर नोटरी करून टाकू, तेवढं पुरे."

हे उदाहरण नमुन्याचं असलं, तरी काकांचं उत्तर पुण्या-मुंबईत घरोघरी ऐकू येतं. त्यामागचा समज असा की एका वर्षापेक्षा कमी मुदतीच्या कराराला नोंदणी लागत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यापुरतं पाहिलं तर तो अगदीच निराधार नाही. पण महाराष्ट्रात त्याच्या जोडीला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे. त्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा 'लिव्ह अँड लायसन्स'चा करार लेखी हवा आणि तो नोंदवायलाही हवा. मग मुदत ११ महिन्यांची असो वा ३ वर्षांची. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

ही जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मालकाला याहून जास्त जड जाणारी गोष्ट त्याच कलमात आहे. नोंदवलेला करार नसेल आणि वाद उभा राहिला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या मानल्या जातात. शिवाय मुदत संपल्यावर लायसन्सवर राहणारा माणूस जागा सोडत नसेल, तर कलम २४ खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागता येतो, आणि अडवून ठेवलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाईही मिळू शकते. तिथेही लेखी करार हाच मुख्य पुरावा. 'नोंदणी केली तर भाडेकरू घर बळकावेल' ही भीती म्हणूनच उलटी आहे.

आता खर्च. मुद्रांक शुल्क ठरवताना ११ महिन्यांचं भाडं म्हणजे २,२०,००० रुपये धरायचे. त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के दराने ११ महिन्यांचं मानीव व्याज, म्हणजे ५,५०० रुपये, मिळवायचे. बेरीज झाली २,२५,५००. तिचे पाव टक्का म्हणजे सुमारे ५६४ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंटाचं मानधन वेगळं. हा खर्च कोणी करायचा ते दोघांनी आधीच बोलून घ्यावं.

नोंदणी ऑनलाइन होते. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांची आधारवरून ओळख पटवली जाते आणि मग दस्त दुय्यम निबंधकाकडे जातो. आधारवरचं नाव आणि करारातलं नाव जुळतं का, हे मसुद्यातच पाहावं. डिपॉझिटची पूर्ण रक्कमही करारात यायला हवी. ६०,००० पैकी २०,००० रोख देऊन ते कागदावर आलेच नाहीत, तर निघताना ते मागायला आधार उरत नाही.

कधी कधी एजंट नुसता मसुदा किंवा डेटा एंट्रीचा क्रमांक हातावर ठेवून मोकळा होतो. ही नोंदणी नव्हे. नोंदणी पूर्ण झाली की दस्त क्रमांक पडतो, निबंधकाची स्वाक्षरी होते आणि 'इंडेक्स टू' मिळतो. भाडेकरूने आपल्याजवळ इंडेक्स टूची प्रत ठेवावी.

पोलीस व्हेरिफिकेशन हे वेगळं काम. अनेक शहरांत पोलीस प्रशासन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली भाडेकरूंची माहिती कळवण्याचे मुदतीचे आदेश काढतं. असा आदेश लागू असताना माहिती न देणाऱ्या मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. मालकाने शहर पोलिसांच्या संकेतस्थळावर किंवा ठाण्यात भाडेकरूचा फोटो, ओळखपत्र, कायमचा पत्ता आणि नोकरीचं ठिकाण ही माहिती द्यायची असते. ओळखीच्या माणसांची नावंही विचारली जातात. ही फक्त माहिती कळवणं आहे. ते चारित्र्य प्रमाणपत्र नव्हे.

कोथरूडच्या त्या तरुणाने काकांकडून दोन कागद मागून घ्यावेत : इंडेक्स टू आणि पोलिसांना माहिती दिल्याची पोच. पुढच्या वर्षी भाडं वाढवून तिथंच राहायचं ठरलं, तर नवा करार आणि नवी नोंदणी लागेल. जुन्या कागदावर खाडाखोड करून भागत नाही.