पहिला कुकर कोणाचा?

एखाद्या शॉपिंग ॲपवर ‘5 लिटर प्रेशर कुकर’ असं टाइप करून शोधाचं बटण दाबा. यादी समोर यायला सेकंदभरही लागत नाही, पण तेवढ्यात तिथे एक आख्खा लिलाव उरकलेला असतो. बोली लावणारे असतात कुकर विकणारे, आणि लिलावात निघालेला माल म्हणजे तुमच्या मोबाइलच्या पडद्यावरची पहिली जागा. कुणीतरी ती जिंकतं आणि त्याच्या कुकरजवळ करड्या, बारीक अक्षरांत ‘Sponsored’ असं उमटतं. दुसऱ्याच क्षणी नाशिकमध्ये कुणी तेच शब्द टाइप केले, की लिलाव नव्याने.

या लिलावाची खरी गंमत अशी की, सगळ्यांत मोठी बोली लावणारा इथे चक्क शेवटी जाऊ शकतो.

समजा, तीन विक्रेते आहेत. आपल्या जाहिरातीवर कुणी क्लिक केलं तरच पैसे द्यायचे, नुसतं दिसण्याचे नाहीत, असा इथला रिवाज. पहिल्याने एका क्लिकला 12 रुपयांची बोली लावली, दुसऱ्याने 9 आणि तिसऱ्याने 6. साध्या लिलावात पहिला जिंकला असता. पण ॲपकडे आणखी एक आकडा असतो: कुणाचा कुकर दिसल्यावर लोक किती वेळा क्लिक करतात. पहिल्याचा फोटो अंधारा, रेटिंग बेताचं. त्याच्यावर शंभरातले 2 जण क्लिक करतात. दुसऱ्यावर 4, तिसऱ्यावर 5. आता हिशेब करा. जाहिरात हजार वेळा दाखवली, तर पहिल्याकडून ॲपला 20 क्लिकचे जास्तीत जास्त 240 रुपये मिळतील. दुसऱ्याकडून 40 क्लिकचे 360, तिसऱ्याकडून 50 क्लिकचे 300. म्हणून 9 रुपयेवाला सगळ्यांत वर, 6 रुपयेवाला त्याच्याखाली आणि 12 रुपये मोजायला तयार असलेला तळाला.

याहून सुंदर भाग पुढेच आहे. वर बसलेला विक्रेता 9 रुपये भरतच नाही. खालच्याला मागे टाकण्यापुरतेच पैसे त्याने द्यायचे असतात. हजार वेळा दिसण्यामागे 300 रुपये पडले की त्याची तिसऱ्याशी बरोबरी होते. 300 भागिले 40 क्लिक म्हणजे साडेसात रुपये, वर एखादा पैसा. प्रत्यक्षातला हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो, किमान दर असतो, आणि वरच्या जागेवर मुळातच जास्त क्लिक पडतात; पण गाभा हाच.

ही युक्ती एका दिवसात सुचलेली नाही. 1998 साली कॅलिफोर्नियातल्या बिल ग्रॉस यांनी GoTo.com नावाचं सर्च इंजिन काढलं. तिथे जो जास्त पैसे देईल तो वर, इतका उघडा मामला होता. जाहिरातदार क्लिकमागे किती सेंट देतोय हे निकालाशेजारीच छापलेलं असायचं! आजच्या एकाही ॲपवर हा आकडा ग्राहकाला दिसत नाही, आणि माझ्या मते तो दिसायला हवा.

पण GoTo.com वर बोलीइतके पैसे भरावे लागत, आणि तिथेच गोम होती. दोघे एकमेकांवर एकेक सेंटने चढत जायचे. एकाला परवडेनासं झालं की तो बोली एकदम खाली आणून दुसऱ्या जागेवर समाधान मानायचा. मग वरच्याच्या लक्षात यायचं की आपण उगाच जास्त मोजतोय. तोही झपकन उतरून त्याच्यापेक्षा एक सेंट वर थांबायचा. की पुन्हा चढाओढ सुरू. बेंजामिन एडेलमन आणि मायकेल ऑस्ट्रॉव्स्की या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे अशा बोलींचे आलेख काढले, तेव्हा करवतीच्या दातांसारख्या रेषा उमटल्या. 2002 मध्ये गूगलने क्लिकचं प्रमाण आणि ‘खालच्याला मागे टाकण्यापुरते पैसे’ ही दोन्ही सूत्रं एकत्र आणली. बोली सतत खालीवर करत बसण्याचं मोठं कारणच संपलं. आणि याच गूगलच्या संस्थापकांनी 1998 च्या आपल्या शोधनिबंधात, जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन ग्राहकापेक्षा जाहिरातदाराकडे झुकणारच, असं लिहून ठेवलं होतं!

आता त्या कुकरच्या यादीत थोडं खाली या. जाहिराती संपल्या, ‘Sponsored’ हा शब्द दिसेनासा झाला. इथून पुढचे निकाल ऑरगॅनिक, म्हणजे पैसे न घेता लावलेले. ते कशावरून लावतात? शब्द किती जुळतात, किंमत, रेटिंग, माल कधी पोचेल, आणि हा कुकर आजवर किती विकला गेलाय यावरून. हा शेवटचा निकष नीट पाहा. नव्या कुकरची विक्री शून्य, म्हणून तो विसाव्या पानावर. विसाव्या पानावर कुणी जात नाही, म्हणून विक्री शून्य. हे कोडं फोडायला विक्रेता जाहिरात घेतो. जाहिरातीमुळे विक्री होते, रिव्ह्यू येतात, आणि काही आठवड्यांनी तोच कुकर जाहिरातीविना वर सरकतो. पैसे वरच्या पट्टीत मोजले, फळ खालच्या यादीत मिळालं. ऑनलाइन विकणाऱ्या कुणालाही विचारा, तो जाहिरातीचा खर्च याच हिशेबाने मांडतो. त्यामुळे खुणेच्या खालचं सगळं निव्वळ गुणवत्तेवर आलंय, असं समजू नका.

हा खर्च जातो कुठे? आपल्या उदाहरणात क्लिकला साडेसात रुपये पडले. दहा क्लिकमागे एक कुकर विकला गेला, तर त्या कुकरवर 75 रुपये फक्त जागेचे चढले. विक्रेता ते किमतीत घालतो किंवा नफ्यातून सोसतो.

जाहिरात ओळखायची असेल तर अक्षरांचा आकार पाहू नका, पत्ता पाहा. ॲमेझॉनच्या वेबसाइटवर स्पॉन्सर्ड वस्तूच्या लिंकमध्ये बहुधा `/sspa/click` असं सापडतं. गूगलच्या जाहिरातीवरून उघडलेल्या पानाच्या पत्त्यात अनेकदा `gclid=` दिसतं. आपल्याकडे ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार वस्तूंचा क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लागतो हे मार्केटप्लेसने सांगायचं आहे, आणि 2023 च्या ‘डार्क पॅटर्न’विषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत जाहिरातीला दुसरंच काही भासवणं फसवणुकीच्या प्रकारांत गणलंय. खूण असली की कायद्याचं समाधान होतं. ती नजरेत भरतेच असं नाही.

एक प्रयोग मात्र माहीत असायला हवा. 2012 मध्ये ईबेने काही सर्च इंजिनांवर स्वतःच्याच नावासाठीच्या जाहिराती बंद केल्या. ‘ebay’ असं टाइप करणारे लोक आता जाहिरातीऐवजी तिच्याखालच्या फुकटच्या लिंकवरून आले: गेलेल्या क्लिकपैकी 99.5 टक्के तिथून परत मिळाले. म्हणजे इतके दिवस कंपनी घरी येणाऱ्या पाहुण्याच्याच रिक्षाचं भाडं भरत होती. तेव्हा हवी ती कंपनी नावाने शोधत असाल, तर जाहिरात सोडा आणि खालच्या लिंकवर क्लिक करा. तुम्ही तिथेच पोचाल, आणि लिलावाचे पैसे कुणालाच भरावे लागणार नाहीत.