चाळीसपेक्षा कमी, तरीही जास्त

परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याला परीक्षेत येऊ शकेल असा एक प्रश्न आपण सोडवून पाहू. एका मधुमेही रुग्णाच्या रोहिणीतील रक्ताचा सामू, म्हणजे पीएच, ७.१९ आहे; कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ३२ मिलिमीटरइतका आणि बायकार्बोनेट लिटरला १२ मिलिमोल. विकार कोणता?

सामू ७.३५ हून कमी, म्हणजे रक्ताची आम्लता वाढली आहे. बायकार्बोनेट नेहमीच्या २४ च्या निम्मेच उरले आहे. तेव्हा मूळ दोष चयापचयातला. अशा वेळी शरीर खोल व जलद श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. दाब नेहमीच्या ४० वरून ३२ वर आलेला पाहून विद्यार्थी ‘भरपाई झाली’ असे लिहून मोकळा होतो.

पण ती पुरेशी झाली का? रुग्णांवरील मोजमापांतून १९६७ साली मांडलेला विंटर्सचा नियम सांगतो, की बायकार्बोनेटच्या दीडपटीत ८ मिळवा. येथे १८ अधिक ८, म्हणजे २६. दोनाचा फरक चालतो. ३२ त्याहून जास्तच आहे. म्हणून उत्तर दुहेरी: चयापचयी आम्लता आणि तिच्या जोडीला श्वसनजन्य आम्लता. श्वासाचे स्नायू थकले आहेत की फुप्फुसांतच दोष आहे, हे मात्र आकड्यांवरून कळत नाही; त्यासाठी रुग्णालाच तपासावे लागते.